हॉटेलातील ड्यूटी-तक्ता आणि मनुष्यबळ विभागातील अर्ज

हॉटेलच्या स्वागतकक्षात आठ-दहा वर्षे काम केलेली व्यक्ती एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागातील पदासाठी अर्ज करते, तेव्हा तिच्या परिचयपत्रकात बहुधा ठरावीक वाक्ये आढळतात. ‘उत्तम संभाषणकौशल्य’, ‘दडपणाखाली काम करण्याची सवय’, ‘पाहुण्यांचे समाधान हेच ध्येय’. ही वाक्ये खोटी नसतात. परंतु निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. तीच व्यक्ती दर आठवड्याला बारा माणसांच्या पाळ्या, सुट्या आणि रजा यांचा मेळ घालून ड्यूटी-तक्ता तयार करीत असते. परिचयपत्रकात मात्र या कामाला ‘रोस्टर तयार करणे’ असे दोन-तीन शब्द मिळतात आणि अर्ज बाजूला पडतो.

हॉटेल व्यवस्थापनाचे औपचारिक शिक्षण आपल्याकडे १९५४ साली मुंबईत सुरू झाले. आज जिल्ह्या-जिल्ह्यांतून तरुण-तरुणी हे शिक्षण घेऊन हॉटेल व्यवसायात जातात. रात्रपाळी, सणासुदीला न मिळणारी सुटी आणि घरापासूनचे अंतर यांमुळे काही वर्षांनी त्यांतील अनेकांना दुसऱ्या क्षेत्राचा विचार करावा लागतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत हॉटेले बंद पडल्यावर तर अनेकांपुढे हा प्रश्न अचानक उभा राहिला. अशा वेळी ही मुले गावातील शिक्षकांकडे, ओळखीच्या अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे अर्ज दाखवायला घेऊन येतात. त्यांना नेमके काय सांगावे, याचा विचार येथे केला आहे.

अर्ज वाचणारा काय शोधतो?

मनुष्यबळ विभागाचा संबंध संस्थेच्या कर्मचाऱ्यांशी असतो, ग्राहकाशी नव्हे. म्हणून तेथील अधिकारी अर्ज वाचताना मनात तीन प्रश्न ठेवतो. या उमेदवाराने कर्मचाऱ्यांविषयी कोणते निर्णय घेतले? ते कोणत्या नियमाच्या आधारे घेतले? आणि त्यांचा परिणाम काय झाला, हे त्याने मोजले का? हॉटेलातील अनुभव या तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपाने मांडता आला, तरच तो उपयोगी पडतो.

उदाहरणासाठी नव्वद कर्मचारी असलेल्या एका मध्यम आकाराच्या हॉटेलातील ड्यूटी मॅनेजर बाईंचा अनुभव घेऊ. हे उदाहरण आणि त्यातील आकडे विषय समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. परंतु अशा हॉटेलात घडते ते साधारण असेच. या बाईंकडे स्वागतकक्षातील बारा जणांचा तक्ता आहे. सकाळी ७ ते दुपारी ३, दुपारी ३ ते रात्री ११ आणि रात्री ११ ते सकाळी ७ अशा तीन पाळ्या आहेत. पहिल्या दोन पाळ्यांना प्रत्येकी चार आणि रात्रपाळीला दोन माणसे लागतात.

तक्त्याचे गणित

दिवसाला दहा माणसे लागतात, म्हणजे आठवड्याला ७० पाळ्या भरावयाच्या. बारा माणसे प्रत्येकी सहा दिवस काम करतात, म्हणजे ७२ पाळ्या उपलब्ध. वरवर पाहता माणसे पुरेशी आहेत. उलट दोन पाळ्या शिल्लकच राहतात. तरीही प्रत्यक्षात दर आठवड्याला कोणाला ना कोणाला थांबवून घ्यावे लागते. याचे कारण काय?

कारण या हिशेबात रजा धरलेली नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यानुसार कर्मचाऱ्याला साप्ताहिक सुटीखेरीज वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्या, ८ दिवसांची नैमित्तिक रजा आणि वर्षात किमान २४० दिवस काम केलेले असल्यास दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या वजा केल्या, की ३१३ दिवस उरतात. त्यातून १६ दिवस आणि सुमारे १५ दिवसांची अर्जित रजा वजा केली, म्हणजे एक माणूस वर्षाला प्रत्यक्षात २८२ पाळ्या करू शकतो. बारा माणसांच्या मिळून ३,३८४ पाळ्या होतात. गरज मात्र ३,६५० पाळ्यांची आहे. वर्षाला २६६ पाळ्यांची, म्हणजे महिन्याला सुमारे २२ पाळ्यांची तूट या तक्त्यात मुळातच दडलेली आहे.

ही तूट तीन मार्गांनी भरून निघते. कोणाला तरी जादा काम करावे लागते, कोणाची तरी रजा नाकारली जाते किंवा चार माणसांची पाळी तिघांवर चालवली जाते. जादा कामाचे वेतन दुप्पट दराने द्यावयाचे असते. तेव्हा सगळी तूट जादा कामाने भरली, तर २६६ पाळ्यांसाठी ५३२ दिवसांचे वेतन मोजावे लागते. तेरावा माणूस नेमला, तर महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला ३१२ दिवसांचेच वेतन पडते. भविष्य निर्वाह निधीसारखा इतर खर्च मिळवला तरी हा पर्याय स्वस्त ठरतो. तेरा माणसांच्या पाळ्या ३,६६६ होतात, म्हणजे गरज जेमतेम भागते.

मनुष्यबळ विभागाच्या भाषेत या हिशेबाला मनुष्यबळ नियोजन म्हणतात. स्वागतकक्षातील बाई हे गणित वर्षानुवर्षे अनुभवाने जाणतात. बहुतेक वेळा त्यांनी ते कागदावर मात्र मांडलेले नसते. अर्ज लिहिण्यापूर्वी ते एकदा मांडून पाहिले, तर ‘रोस्टर तयार करणे’ या शब्दांमागे केवढे काम आहे, ते त्यांचे त्यांनाच दिसते.

तक्त्यातून पुरावा कसा निघतो?

माणसांची संख्या हा तक्त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग न्यायाचा आणि विश्रांतीचा आहे. दुपारपाळी रात्री ११ वाजता संपते आणि सकाळपाळी ७ वाजता सुरू होते. एकाच माणसाला आज दुपारपाळी आणि उद्या सकाळपाळी दिली, तर मध्ये फक्त आठ तास राहतात. घरी जाण्यायेण्याचा वेळ वजा केला, की झोपेला पाच-सहा तासही उरत नाहीत. अशा माणसाचीच पुढच्या दोन-तीन दिवसांत अचानक गैरहजेरी पडण्याचा संभव असतो. मग त्याच्या जागी दुसऱ्याला थांबवून घेतले जाते आणि तोही दमतो.

आपल्या उदाहरणातील बाईंनी जुने तक्ते चाळून अशा आठ तासांच्या जोड्या मोजल्या. त्या महिन्याला १९ निघाल्या. त्यानंतर त्यांनी दोन बदल केले. पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवला आणि रात्रपाळी संपवून पुन्हा सकाळपाळीवर येण्यापूर्वी साप्ताहिक सुटी येईल अशी योजना केली. तसेच तक्ता आदल्या संध्याकाळऐवजी चौदा दिवस आधी लावण्यास सुरुवात केली, म्हणजे ज्याला घरचे कार्य किंवा परीक्षा असेल त्याला सहकाऱ्याशी पाळी बदलून घेता येईल. आठ तासांच्या जोड्या महिन्याला चारवर आल्या. तीन महिन्यांच्या ९१० पाळ्यांत अचानक गैरहजेरीचे प्रसंग आदल्या वर्षी ३१ होते. ते त्याच तीन महिन्यांत १८ झाले.

आता हाच अनुभव परिचयपत्रकात दोन प्रकारे कसा उतरतो ते पाहा. पहिला प्रकार नेहमीचा:

‘स्वागतकक्षाचे रोस्टर तयार करणे, कर्मचाऱ्यांवर देखरेख करणे, गैरहजेरी कमी करणे.’

दुसरा प्रकार असा:

‘चोवीस तास चालणाऱ्या स्वागतकक्षातील १२ कर्मचाऱ्यांच्या तीन पाळ्यांचे नियोजन चार वर्षे केले. तक्ता चौदा दिवस आधी जाहीर करण्याची आणि दोन पाळ्यांत पुरेशी विश्रांती ठेवण्याची पद्धत सुरू केली. अपुऱ्या विश्रांतीचे प्रसंग महिन्याला १९ वरून ४ वर आले. पूर्वसूचनेविना गैरहजेरी तिमाहीत ३१ वरून १८ झाली. रजेसह मनुष्यबळाचा वार्षिक हिशेब मांडून तेराव्या पदाचा प्रस्ताव सादर केला. व्यवस्थापनाने तो मंजूर केला.’

दुसऱ्या उताऱ्यात मोठे शब्द नाहीत. किती माणसे, किती काळ, काय बदलले आणि कशावरून, एवढेच त्यात आहे. त्यातील शेवटचे वाक्य मुद्दाम पाहावे. बाईंनी प्रस्ताव ‘सादर केला’, मंजुरी व्यवस्थापनाने दिली. ‘पदसंख्या वाढवली’ असे लिहिले असते तर ते वाक्य अधिक भारदस्त दिसले असते. परंतु मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते कोसळले असते.

मुलाखतीतील प्रश्न ठरलेले असतात. गैरहजेरी म्हणजे काय मोजले? पाळी सुरू होण्याआधी दूरध्वनी करून कळवलेली अनुपस्थिती तीत धरली का? कोणत्या महिन्यांची कोणत्या महिन्यांशी तुलना केली? दिवाळीच्या गर्दीच्या महिन्यांची तुलना पावसाळ्यातील रिकाम्या महिन्यांशी केली, तर सुधारणेचा आकडा आपोआप चांगला दिसतो. मनुष्यबळ विभागातील माणूस ते ताबडतोब ओळखतो. म्हणून त्याच तीन महिन्यांची आदल्या वर्षाशी तुलना करावी आणि मोजण्याची व्याख्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. ज्याचा आधार सांगता येत नाही तो आकडा परिचयपत्रकातून काढून टाकावा. आकडे आठवत नसतील, तर ‘बारा जणांचा तक्ता चार वर्षे’ एवढे खरे विधानही पुरेसे वजनदार असते.

तक्त्यासंबंधी कायद्याची माहिती विचारली जाते, हेही लक्षात ठेवावे. वर उल्लेखिलेल्या अधिनियमातील दैनिक कामाचे तास आणि जादा कामाची मर्यादा यांविषयीच्या तरतुदींत २०२५ साली बदल करण्यात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिताही अंमलात आल्या. तेव्हा हॉटेलात पाठ झालेले जुने आकडे सांगण्यापेक्षा मुलाखतीपूर्वी त्या दिवशी लागू असलेली तरतूद वाचून जाणे श्रेयस्कर.

पाहुण्यांच्या तक्रारी: काय जुळते, काय जुळत नाही

उमेदवाराला स्वतःचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो पाहुण्यांना हाताळण्याचा. येथे विवेक करावा लागतो. खोलीतील वातानुकूलन यंत्र बिघडले म्हणून चिडलेल्या पाहुण्याला दुसरी खोली आणि चहा देऊन शांत केले, हे हॉटेलच्या दृष्टीने चांगले काम आहे. परंतु कर्मचाऱ्याचे गाऱ्हाणे असे मिटवता येत नाही. पाहुणा उद्या निघून जातो. कर्मचारी उद्याही त्याच टेबलावर, त्याच वरिष्ठाच्या हाताखाली बसणार असतो. हॉटेलात पाहुण्याची बाजू घेणे हा धर्म मानला जातो. मनुष्यबळ विभागात आधीच बाजू घेणे हाच दोष ठरतो. म्हणून ‘पाहुण्यांच्या तक्रारींचे तत्पर निवारण’ हे वाक्य या अर्जात फारसे काम करीत नाही.

मात्र काही प्रसंग असे असतात, की तक्रार पाहुण्याची असली तरी तिच्या दुसऱ्या टोकाला कर्मचारी असतो. समजा, खोलीतील पैसे गेले असे पाहुणा म्हणतो आणि खोली साफ करणाऱ्या मुलावर संशय घेतो. जाणती ड्यूटी मॅनेजर अशा वेळी काय करते? पाहुण्याचे म्हणणे ती शांतपणे ऐकून वेळेसह लिहून घेते. मुलाला पाहुण्यासमोर उभे करीत नाही. दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपातील नोंद काढून कोणत्या वेळी कोणत्या कार्डाने दार उघडले ते पाहते. किल्ल्यांची नोंदवही तपासते. पाहुण्याच्या उपस्थितीत, दुसऱ्या अधिकाऱ्याला बरोबर घेऊन खोली पुन्हा पाहते. मुलाचे म्हणणे त्याच्या पर्यवेक्षकाच्या समक्ष स्वतंत्रपणे ऐकून लिहून घेते आणि निष्कर्ष निघेपर्यंत त्याच्याविषयी कोणाशी बोलत नाही. बऱ्याचदा पैसे बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात सापडतात. न सापडले, तरी मुलाची बाजू कागदावर नोंदलेली असते.

ही सारी पद्धत शिस्तविषयक प्राथमिक चौकशीची आहे. दोन्ही बाजू ऐकणे, कागदी पुरावा पाहणे, नोंद ठेवणे, गुप्तता राखणे आणि घाईने दोषी न ठरवणे हे तिचे घटक होत. परिचयपत्रकात ती अशी लिहिता येईल:

‘कर्मचाऱ्यांवर पाहुण्यांनी केलेल्या आरोपांची प्राथमिक चौकशी केली, दोन्ही बाजूंचे लेखी निवेदन, कुलपाच्या व किल्ल्यांच्या नोंदी यांवर आधारित अहवाल व्यवस्थापकांना सादर केले.’

यात ‘निर्णय दिला’ असे म्हटलेले नाही, कारण निर्णय वरिष्ठांचा होता. प्राथमिक चौकशी म्हणजे रीतसर विभागीय चौकशी नव्हे, हा फरकही उमेदवाराला सांगता आला पाहिजे.

याहून नाजूक प्रसंग म्हणजे पाहुण्याने महिला कर्मचाऱ्याशी केलेले गैरवर्तन. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक असते आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण ठेवण्याची जबाबदारी मालकावर असते. त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार अशा प्रकरणातील व्यक्तींची ओळख व तपशील प्रसिद्ध करता येत नाहीत. म्हणून परिचयपत्रकात अशा प्रकरणाचा वृत्तान्त कधीही लिहू नये. मुलाखतीत विचारले, तरी केवळ आपण कोणती कार्यपद्धती पाळली तेवढेच सांगावे. पाहुण्यांची नावे, सहकाऱ्यांच्या रजेची कारणे, हॉटेलच्या तक्त्याच्या प्रती, यांपैकी काहीही अर्जासोबत जोडू नये. पूर्वीच्या मालकाचे कागद घेऊन येणारा उमेदवार उद्या आपलेही कागद बाहेर नेईल, असा विचार वाचणारा करतो आणि तो चुकीचा नसतो.

कागदावरील मांडणी

या अर्जांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. हॉटेलचे नाव झाकले जावे म्हणून उमेदवार नोकऱ्यांचा कालक्रम काढून टाकतो आणि ‘नेतृत्व’, ‘संवाद’, ‘नियोजन’ अशा मथळ्यांखाली सर्व अनुभव एकत्र करतो. मनुष्यबळ विभागातील माणसे दिवसभर परिचयपत्रकेच वाचत असतात. कालक्रम दिसला नाही की काही लपवले जात आहे असे त्यांना वाटते. त्यामुळे नोकऱ्या अलीकडून मागे अशा क्रमानेच द्याव्यात. फक्त प्रत्येक नोकरीखालील मजकुराचा क्रम बदलावा. कर्मचाऱ्यांविषयीचे काम आधी, म्हणजे तक्ता, नव्या माणसांचे प्रशिक्षण, रजा व हजेरीच्या नोंदी, चौकशी. पाहुण्यांविषयीचे काम नंतर आणि एका ओळीत. २०२०-२१ मध्ये नोकरी नसेल, तर ‘टाळेबंदीमुळे हॉटेल बंद’ असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही.

वर तीन ओळींचा सारांश पुरतो. त्यात कोणते पद हवे आहे, कर्मचाऱ्यांविषयीचा कोणता अनुभव आहे आणि त्यासाठी कोणते शिक्षण घेतले वा घेत आहे, एवढे यावे. जाहिरातीत ‘हजेरी व रजा व्यवस्थापन’ असे शब्द असतील आणि ते काम आपण खरोखर केले असेल, तर तेच शब्द वापरावेत. मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी पुष्कळदा संगणकावर शब्द पाहूनच होते. सर्व मजकूर दोन पानांत बसवावा. जात, धर्म, विवाहस्थिती, वडिलांचा व्यवसाय हा तपशील लग्नाच्या बायोडाटात शोभतो. येथे त्याची आवश्यकता नाही.

अनुभव कोठे थांबतो?

उमेदवाराने न केलेली कामेही त्याला ठाऊक असली पाहिजेत. हजेरीची नोंद वेतन विभागाकडे पाठवणे म्हणजे वेतनपत्रक तयार करणे नव्हे. मुलाखतीला आलेल्या मुलांना खुर्ची देऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलणे म्हणजे भरती करणे नव्हे. भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा योजना, उपदान यांचे हिशेब ड्यूटी मॅनेजर सहसा करीत नाही. या जागा रिकाम्या ठेवाव्यात आणि त्या भरून काढण्यासाठी श्रमकायदे व कामगार कल्याण या विषयांतील पदविकेसारखे शिक्षण घ्यावे. कारखान्यातील कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी तर नियमांनी ठरवलेली अर्हता लागते. तेथे हॉटेलातील कितीही वर्षांचा अनुभव तिची जागा घेऊ शकत नाही. बहुतेकांना सुरुवात मनुष्यबळ विभागातील कनिष्ठ पदापासून करावी लागते आणि काही काळ वेतनही कमी मिळते. ही गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच घरी बोलून ठेवलेली बरी.

आपल्याकडे असा अर्ज दाखवायला कोणी आले, तर त्याला प्रथम गेल्या तीन महिन्यांच्या पाळ्या आठवून कागदावर मांडायला सांगावे. किती माणसे होती, कोणाची रजा कोणत्या कारणाने नाकारली, कोण सलग किती रात्री आला, पाळी बदलून मागणाऱ्याला काय उत्तर दिले, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात परिचयपत्रकातील खरी वाक्ये सापडतात. ती त्याच्याकडून तेथेच लिहून घ्यावीत आणि ‘उत्तम संभाषणकौशल्य’ ही ओळ खोडून टाकावी.